बँक मध्ये नाही, मग पेमेंटला 'हो' कोण म्हणतं?

वैजयंती_स

माझ्या नोकरीची बरीच वर्षं क्लिअरिंगमध्ये गेली, म्हणून हा प्रश्न डोक्यातून जात नाहीये. भाच्याने परवा माझ्यासमोर कुणाला तरी बिटकॉइन पाठवले. फोनवर रक्कम टाकली, मग पेनड्राइव्हएवढ्या एका यंत्राचं बटण दाबलं, झालं. ते यंत्र इंटरनेटला जोडलेलं नाही म्हणे. १२ इंग्रजी शब्द त्याने कागदावर लिहून कपाटात ठेवलेत, पण पेमेंट करताना तो कागद बाहेर काढला नाही.

चेक पास करताना आमच्याकडे नमुना सही असायची. यूपीआयचा पिन टाकला तरी तो बरोबर आहे की नाही हे शेवटी खातं असलेली बँकच सांगते. इथे नमुना सही कुणाकडे आहे? ते १२ शब्द जुळवतं कोण? आणि शब्द न टाकता पैसे गेले कसे? 'ब्लॉकचेन सगळं बघतं' असं उत्तर नको, ते भाच्याकडून ऐकून झालंय.

रॉकी_भाऊ

सोप्पंय ताई. पहिली गोष्ट, वॉलेटमध्ये कॉइन नसतातच, ते चेनवर असतात. वॉलेटमध्ये फक्त चावी. ते १२ शब्द म्हणजे मास्टर पासवर्ड. तो एन्क्रिप्ट होऊन चेनवर सेव्ह असतो. आपण पेमेंट मारलं की नेटवर्क मॅच करतं, जुळला की ओके. यंत्रात पासवर्ड आधीच भरलेला असतो म्हणून परत टाकावा लागत नाही.

आबा_सातारकर

या भानगडीत पडू नका. नफ्यावर सरळ ३० टक्के कर, वर प्रत्येक विक्रीला १ टक्का टीडीएस. तोटा झाला तर तो दुसऱ्या कशातून वजाही करता येत नाही. आमच्या गल्लीतल्या एकाने घातले पैसे, आता फोन उचलत नाही.

निरभ्र

आबा, कर बरोबर सांगितलात, पण ताईंनी वेगळं विचारलंय.

रॉकी, पहिलं वाक्य अगदी बरोबर. दुसरं मात्र उलटं आहे. ते १२ शब्द चेनवर कुठेही नसतात, एन्क्रिप्ट केलेलेही नाहीत. नेटवर्कमधल्या एकाही कॉम्प्युटरकडे त्यांची प्रत नाही, म्हणून ते जुळवण्याचा प्रश्नच येत नाही. पिनच्या बाबतीत तुम्ही आणि बँक असे दोघे गुपिताच्या दोन बाजूंना असता. इथे गुपित एकाच बाजूला असतं. समोरच्याला ते न सांगता पटवायचं असतं की ते माझ्याकडे आहे.

हे घडतं कसं ते बिटकॉइनच्या एका पेमेंटवरून सांगतो, कारण तिथे सगळं सरळ दिसतं.

प्रायव्हेट की म्हणजे एक प्रचंड मोठा पूर्णांक, २५६ बिटांचा. त्याला d म्हणू. secp256k1 नावाच्या वक्रावर G नावाचा एक बिंदू ठरलेला आहे, जगात सगळ्यांसाठी तोच. G ची स्वतःशीच d वेळा बेरीज केली की नवा बिंदू Q मिळतो, तो तुमची पब्लिक की. d माहीत असेल तर Q काढायला फोनला क्षणही लागत नाही. Q वरून d काढायची व्यवहारात चालेल अशी पद्धत आज कुणाकडे नाही. सगळा डोलारा या एकमार्गीपणावर उभा आहे.

Q चा हॅश, म्हणजे गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा ठसा, काढून त्यापासून पत्ता बनतो, तो तुम्ही लोकांना देता. म्हणजे ताई, तुमच्या 'नमुना सही'च्या जागी जगाकडे फक्त हा पत्ता असतो. आणि त्याची नक्कल करून काही उपयोग नाही, कारण त्यावरून सही करता येत नाही.

वैजयंती_स

इथवर समजलं. पण चेकवरची सही दर वेळी सारखीच दिसते, म्हणून तर नमुन्याशी ताडून बघता येते. आणि एकदा कुणी माझी ही सही पाहिली की तीच दुसऱ्या पेमेंटला चिकटवली तर?

निरभ्र

चिकटवता येत नाही, कारण इथली सही दर व्यवहाराला वेगळी असते. व्यवहाराचा मजकूर सहीच्या आकड्यातच मुरलेला असतो. चेकवर खाडाखोड केली तर सही तशीच राहते आणि खाडाखोड डोळ्यांनी पकडावी लागते. इथे रकमेतला एक आकडा बदलला तरी सही बाद होते.

एक उदाहरण पूर्ण घेऊ. समजा तुमच्या पत्त्यावर पूर्वी कधीतरी ५,००,००० सातोशी आले होते. एका बिटकॉइनचे १० कोटी सातोशी, म्हणजे हे झाले ०.००५ बिटकॉइन. तुम्हाला कुणाला तरी ३,२०,००० द्यायचे आहेत. बिटकॉइनमध्ये खातं आणि शिल्लक अशी गोष्टच नसते. असतात त्या न खर्चलेल्या सुट्या रकमा. एक रक्कम वापरायची तर अख्खी वापरावी लागते. त्यामुळे वॉलेट साधारण असा मजकूर तयार करतं:

```
इनपुट : मागच्या व्यवहारातली रक्कम   500000
आउटपुट: ज्याला द्यायचे त्याचा पत्ता   320000
आउटपुट: तुमचाच नवा पत्ता (मोड)      178590
```

इनपुटमधून आउटपुट वजा केले तर १,४१० उरतात. ती माइनरची, म्हणजे व्यवहार चेनवर नोंदवणाऱ्याची, फी. अशा व्यवहाराचा आकार साधारण १४१ व्हर्च्युअल बाइट असतो आणि इथे दर बाइटला १० सातोशी धरलेत. गंमत म्हणजे फी मजकुरात कुठेच लिहिलेली नसते, उरतं ते माइनरचं. हाताने व्यवहार बनवताना मोडीची ओळ विसरणाऱ्यांनी अख्खी शिल्लक फी म्हणून दिल्याचे प्रकार झालेत. वॉलेट ही ओळ स्वतः घालतं म्हणून आपल्याला कळतही नाही.

आता या सगळ्या मजकुराचा हॅश काढतात, त्याला z म्हणू. फोन हा मजकूर भाच्याच्या यंत्राला देतो. यंत्र z काढतं, स्वतःच एक गुप्त आकडा k निवडतं, k×G या बिंदूचा x घेऊन त्याला r म्हणतं, आणि मग:

```
s = (z + r·d) / k   (mod n)
```

n हा वक्रासोबतच सगळ्यांसाठी ठरलेला एक आकडा. r आणि s ही जोडी म्हणजे सही. यंत्रातून बाहेर येतात ते हे दोन आकडे आणि पब्लिक की. d बाहेर येत नाही, कागदावरचे शब्द तर या खेळात उतरतही नाहीत. म्हणून त्या यंत्राला इंटरनेट लागत नाही. सही झालेला मजकूर नेटवर पाठवायचं काम फोनचं, आणि ते तुमच्या वतीने शेजाऱ्याच्या फोननेही केलं तरी काही बिघडत नाही.

ठसकेबाज

मध्येच विचारते, सॉरी. माझे क्रिप्टो एका भारतीय एक्स्चेंजच्या ॲपमध्ये आहेत. केवायसी झालंय, ओटीपी येतो. मला कुणी १२ शब्द दिलेच नाहीत! मी आख्खं ॲप शोधलं. माझे शब्द कुठे गेले?

रॉकी_भाऊ

सेटिंग्ज > सिक्युरिटी > बॅकअप मध्ये बघ. असतात.

निरभ्र

नसतात रॉकी. एक्स्चेंजच्या ॲपमध्ये चाव्या एक्स्चेंजकडे असतात. ठसकेबाज, तुमच्या नावावर त्यांच्या हिशोबाच्या वहीत एक आकडा आहे, बस. ओटीपी टाकता तेव्हा तुम्ही एक्स्चेंजला विनंती करता आणि त्यांच्या चावीने सही होते. तिथे वर्तुळ फिरून पुन्हा बँकेपाशीच आलं. चांगलं की वाईट तो वेगळा वाद. पासवर्ड विसरलात तर ते परत मिळवून देऊ शकतात, हे शब्द हरवणाऱ्याच्या नशिबी नाही.

अर्धविराम

तुमचं s चं समीकरण वाचलं. पण d तर त्यात आहेच की. z माहीत, r माहीत, s माहीत, n माहीत. मग d का काढता येत नाही? आणि d शिवाय तपासणारा तपासतो कसं?

निरभ्र

वा, हाच प्रश्न यायला हवा होता.

k सुद्धा कुणाला माहीत नाही. म्हणजे समीकरण एक आणि अज्ञात दोन. सोडवता येत नाही. आणि r वरून k काढायचा म्हटलं तर पुन्हा तोच एकमार्गी गुणाकार आडवा येतो.

तपासायला d लागत नाही, कारण तेच समीकरण फिरवून बिंदूंच्या भाषेत मांडता येतं. दोन्ही बाजूंना G ने गुणलं की d×G च्या जागी Q येतो, आणि Q तर सगळ्यांसमोर आहे. तपासणारा z×G आणि r×Q यांची बेरीज करतो, s ने भागतो आणि मिळालेल्या बिंदूचा x बरोबर r आहे का ते बघतो. असेल तर ही सही d माहीत असणाऱ्यानेच केली, आणि याच मजकुरावर केली.

आता k बद्दल. हा आकडा दर सहीला नवा हवा. तोच k दोनदा वापरला तर समीकरणं दोन आणि अज्ञातही दोनच, d आणि k. दहावीच्या बीजगणितात दोन चलांतली रेषीय समीकरणं सोडवली असतील तर प्रायव्हेट की तुम्हीही काढाल. हे प्रत्यक्ष घडलंय. २०१३ च्या ऑगस्टमध्ये अँड्रॉइडच्या रँडम आकडे देणाऱ्या भागात दोष सापडला. काही वॉलेट्सच्या सह्यांत k पुन्हा येत होता आणि लोकांचे पैसे गेले. ते ओळखणंही सोपं होतं: चेनवर एकाच पब्लिक कीच्या दोन सह्यांत r सारखा दिसला की समजावं. आता बरीच वॉलेट्स RFC 6979 नावाच्या ठरलेल्या पद्धतीप्रमाणे k हा d आणि z यांच्यापासूनच गणिताने काढतात, म्हणजे रँडम यंत्रणेवर भिस्त राहत नाही.

वैजयंती_स

तपासणारा, तपासणारा म्हणताय तो कोण? आणि मी मुद्दाम लबाडी केली तर? त्याच ५ लाख सातोशींवर दोन सह्या केल्या, एक दुकानदाराला आणि एक माझ्याच दुसऱ्या पत्त्याला. दोन्ही सह्या माझ्याच, खऱ्या.

निरभ्र

ताई, तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. सही दोनदा खर्च थांबवू शकत नाही. दोन्ही सह्या शंभर टक्के खऱ्या ठरतील.

तपासणारे म्हणजे नोड. जगभर हजारो लोक आपापल्या कॉम्प्युटरवर ते चालवतात, तुम्हीही चालवू शकता. तुमचा व्यवहार पोचला की प्रत्येक नोड स्वतंत्रपणे बघतो: इनपुट म्हणून दाखवलेली रक्कम खरंच आहे का आणि अजून न खर्चलेली आहे का. दाखवलेल्या पब्लिक कीचा हॅश त्या रकमेवरच्या पत्त्याशी जुळतो का. सही या मजकुराला लागू पडते का. आउटपुट इनपुटपेक्षा जास्त नाहीत ना. एक जरी चुकलं तरी तो नोड व्यवहार पुढे पाठवत नाही, कुणाला विचारत बसत नाही.

तुमच्या दोन व्यवहारांपैकी जो आधी ऐकला तो नोड धरून ठेवतो. दुसऱ्यात फी पुरेशी जास्त असेल तर पहिला सोडून तो धरतात. शेवटी जो माइनरने ब्लॉकमध्ये, म्हणजे चेनच्या पुढच्या पानावर, घातला तो खरा, दुसरा त्या क्षणी मेला, कारण रक्कम आता खर्चलेली आहे. सरासरी १० मिनिटांना एक ब्लॉक. म्हणून मोठ्या रकमेला लोक सहा ब्लॉक थांबतात आणि शहाणा दुकानदार एकही ब्लॉक व्हायच्या आत माल देत नाही.

थोडक्यात, बँकेतली दोन कामं इथे फुटून वेगळी झालीत. सही खातेदाराचीच आहे का, हे काम तुमच्या चावीने आणि गणिताने होतं. खात्यात पैसे आहेत का, हे काम सगळ्यांकडे असलेल्या एकाच वहीने होतं. तिसरं एक काम होतं, ते कुणीच उचललेलं नाही.

वैजयंती_स

स्टॉप पेमेंट.

निरभ्र

अगदी. ब्लॉकमध्ये जाण्याआधी जास्त फी देऊन तीच रक्कम स्वतःलाच पाठवायचा प्रयत्न करता येतो, कधी साधतो. एकदा ब्लॉकमध्ये गेला की संपलं. तक्रार करायला खिडकीच नाही.

आबा_सातारकर

मी हेच सांगत होतो.

सुमेध_आर

माझी केस विचारू का? सध्या आयंडहोवनला असतो. बऱ्याच वर्षांपूर्वी थोडे बिटकॉइन घेतले होते, १२ शब्द लिहून ठेवले होते. जुना फोन गेला. आता नव्या ॲपमध्ये शब्द टाकले, ॲपने 'सक्सेसफुल' म्हटलं आणि शिल्लक शून्य. एकही जुना व्यवहार दिसत नाही. शब्द चुकीचे असते तर एरर आला असता ना? कुणी हॅक केलंय का?

रॉकी_भाऊ

हॅक झालंय भावा. सॉरी.

निरभ्र

थांबा. हॅक झालं असतं तर निदान जुने व्यवहार तरी दिसले असते. चेनवरून इतिहास पुसता येत नाही. इतिहासच नाही याचा अर्थ ॲप दुसऱ्याच पत्त्यांकडे बघतंय. यासाठी शब्दांचं काम कसं चालतं ते पाहावं लागेल, ताईंचा तो भागही राहिलाच आहे.

शब्द म्हणजे चावी नव्हे, चाव्यांचं मूळ. वॉलेट पहिल्यांदा १२८ बिट रँडम घेतं. त्यांचा SHA-256 हॅश काढून त्यातले पहिले ४ बिट शेवटी जोडतं. झाले १३२, त्यांचे ११-११ चे बारा तुकडे. ११ बिटांत २०४८ आकडे मावतात आणि ठरलेल्या यादीत शब्दही २०४८ आहेत. एक तुकडा, एक शब्द. सगळं शून्य घेतलं तर काय येतं ते बघा:

```
abandon abandon abandon abandon abandon abandon
abandon abandon abandon abandon abandon about
```

यादीतला शून्य क्रमांकाचा शब्द abandon. शेवटचा मात्र about आला, कारण १६ शून्य बाइटांच्या हॅशचा पहिला हेक्स अंक ३ येतो आणि शून्यापासून मोजलं तर about हा ३ नंबरचा शब्द. शेवटच्या शब्दात ही तपासणी दडलेली असते. मात्र ती फक्त ४ बिटांची आहे. १२ शब्दांतला एखादा चुकून यादीतलाच दुसरा लिहिला गेला तर सोळापैकी साधारण पंधरा वेळा एरर येईल, एकदा येणार नाही आणि भलतंच रिकामं वॉलेट उघडेल. सुमेध, ही तुमची पहिली शक्यता, पण कमी संभवाची.

पुढे हे शब्द, आणि सोबत एखादा पासफ्रेज, म्हणजे आपण स्वतः ठरवलेला जादा शब्द, ठेवला असेल तर तोही, एका गणितातून २०४८ वेळा फिरवून ५१२ बिटांचं सीड बनवतात. त्यातून हव्या तितक्या प्रायव्हेट की निघतात, प्रत्येकीपर्यंत जायची एक ठरलेली वाट असते. वरच्या शब्दांपासून आजच्या नेहमीच्या वाटेने निघणारा पहिला पत्ता असा:

```
m/84'/0'/0'/0/0
bc1qcr8te4kr609gcawutmrza0j4xv80jy8z306fyu
```

कुणीही, ही वाट वापरणाऱ्या कुठल्याही ॲपमध्ये, इंटरनेट बंद करून हे करून बघा, हाच पत्ता येईल. म्हणून फोन जळला तरी कागद पुरतो. (या पत्त्यावर पैसे पाठवू नका. हे शब्द सगळ्या जगाला ठाऊक आहेत, तिथे काही आलं की बॉट ते लगेच उचलतात.)

सुमेध, तुमचं बहुतेक इथेच चुकतंय. जुनी ॲप्स m/44' किंवा m/49' या वाटेने जायची, नवं ॲप फक्त m/84' वर बघत असेल. जुन्या ईमेलमध्ये, मित्राशी झालेल्या चॅटमध्ये तुमचा एखादा पत्ता सापडतोय का? त्याचं पहिलं अक्षर सांगा. पत्ता इथे टाकू नका, शब्द तर अजिबात नाही.

अनामिक_वाचक

एक शंका. हे शब्द मराठी का नसतात? आणि आपणच निवडले तर? आवडत्या अभंगाची ओळ घेतली तर कधी विसरणारच नाही.

निरभ्र

जपानी, स्पॅनिश, फ्रेंच अशा काही भाषांच्या ठरलेल्या याद्या आहेत, मराठीची त्यात नाही. इंग्रजी यादीत प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो, म्हणून पत्र्यावर कोरताना लोक चारच अक्षरं कोरतात.

ओळ निवडायची कल्पना मात्र टाकून द्या. यंत्राने निवडलेल्या १२ शब्दांत ३४ वर ३७ शून्यं इतक्या शक्यता असतात. माणसाला पाठ असलेल्या ओळी त्यापुढे मूठभर. गाण्यांच्या ओळी, म्हणी, पुस्तकांतली वाक्यं अशांपासून बनवलेली वॉलेट्स चोरांनी आधीच गणित करून ठेवलेली असतात, पैसे यायची वाट बघत. आणि यंत्राने निवडलं म्हणून निश्चिंत राहावं असंही नाही. २०२३ मध्ये उघड झालेल्या 'मिल्क सॅड' प्रकरणात एका नावाजलेल्या सॉफ्टवेअरचा रँडम आकडा मुळात ३२ बिटांतूनच उगवत होता. दिसायला १२ किंवा २४ शब्द, खऱ्या शक्यता जेमतेम ४३० कोटी. एवढ्या तर साध्या कॉम्प्युटरलाही तपासता येतात. शब्दांकडे बघून हा दोष ओळखू येत नाही.

सुमेध_आर

सापडला. मित्राला व्हॉट्सॲपवर पाठवला होता. 3 ने सुरू होतोय.

निरभ्र

मग बहुतेक m/49'. ज्या ॲपमध्ये वाट निवडता येते ते घ्या. पैसे हलवायची घाई नको, आधी पहिले काही पत्ते त्या जुन्या पत्त्याशी जुळतात का तेवढंच बघा.

अर्धविराम

मग ते यंत्र घेतलं की चिंता मिटली म्हणायची? चावी बाहेर येतच नाही.

निरभ्र

चावी चोरीला जाण्याची चिंता बरीच मिटते. भलत्या मजकुरावर तुम्हीच सही करण्याची मिटत नाही, आणि हल्ली मोठे पैसे तिथेच जातात.

मुंबईच्या वझीरएक्सचं जुलै २०२४ चं प्रकरण आठवा. २३ कोटी डॉलरच्या आसपास गेले. ते वॉलेट इथेरियमवरचं, एका सहीवर चालणारं नव्हतं, अनेकांच्या सह्या लागायच्या. तरी गेले. कंपनीने तेव्हा सांगितलं की सही करणाऱ्यांना पडद्यावर दिसलं एक आणि सही झाली दुसऱ्याच मजकुरावर. कस्टडी देणाऱ्या कंपनीने दोष आपल्याकडे नसल्याचं म्हटलं, तो वाद मी इथे सोडवणार नाही. पण नेटवर्कच्या नजरेत काहीच गैर घडलं नव्हतं. लागणाऱ्या सह्या होत्या आणि गणित जुळत होतं. तुमचा हेतू काय होता हे तपासणारं तिथे कुणी नाही.

घरगुती पातळीवर हेच क्लिपबोर्ड बदलणाऱ्या व्हायरसमुळे होतं. तुम्ही पत्ता कॉपी करता, पेस्ट होतो चोराचा. म्हणून रक्कम आणि पत्ता यंत्राच्या छोट्या पडद्यावर वाचायचा, फोनच्या नाही. आणि तो ताडून बघायचा समोरच्याने दुसऱ्या मार्गाने कळवलेल्या पत्त्याशी. निदान पहिली आणि शेवटची सात-आठ अक्षरं, चारवर भागवू नका, तेवढी जुळणारे पत्ते मुद्दाम बनवता येतात.

वैजयंती_स

भाच्याला विचारलं. तो म्हणतो, "मावशी, एवढं कोण वाचतंय." त्याला हा धागा पाठवलाय.

सुमेध_आर

जुळला! m/49' टाकल्यावर दुसराच पत्ता माझा निघाला, जुने व्यवहार आले, शिल्लकही आली. आभार निरभ्र. पण सगळी नाही. एक रक्कम आल्याचं मला पक्कं आठवतंय, ती यात नाही.

आणि एक. इथल्याच एका आयडीकडून व्यनि आलाय. 'मी वॉलेट रिकव्हरीचं काम करतो, १२ शब्द पाठवा, दहा मिनिटांत सोडवतो.'

निरभ्र

त्याला शब्द दिलेत तर दहा मिनिटंही लागणार नाहीत. एवढं सगळं वाचल्यावर कारण सांगायला नको. आयडी प्रशासकांना कळवा.

राहिलेल्या रकमेबद्दल दोन-तीन शक्यता. जुन्या ॲपमध्ये दुसरं अकाउंट उघडलं असेल, मग वाटेतला तिसरा आकडा 1' करून बघा. किंवा ॲप ओळीने २० रिकामे पत्ते दिसले की शोध थांबवतं आणि तुमची रक्कम त्यापुढे असेल. तो आकडा वाढवता येतो. तिसरी शक्यता पासफ्रेजची. तो लावला होता का? त्यात 'चुकीचा पासफ्रेज' असा प्रकार नसतो, काहीही टाका, कुठलं तरी वॉलेट उघडतंच, रिकामं. त्यामुळे आठवत नसेल तर खरं कठीण आहे.

सुमेध_आर

पासफ्रेज... लावला असेल असं वाटतंय. तेव्हा काहीतरी २५ वा शब्द म्हणत होते. आधी अकाउंट बदलून बघतो.

प्रशासक

संबंधित आयडी बंद केला आहे. अजून कुणाला तसा व्यनि आला असल्यास कळवावे.

ठसकेबाज

मी काल एक्स्चेंजमधून थोडेसे स्वतःच्या वॉलेटला काढले. शब्दांचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवलाय, चालेल ना?

रॉकी_भाऊ

नाही!! स्क्रीनशॉट क्लाउडवर जातो आपोआप. एवढं तर मलाही माहितीये.

निरभ्र

रॉकी बरोबर. आणि नुसता पुसू नका, ते शब्द आता जुने समजा. नवं वॉलेट बनवा, शब्द कागदावर लिहा, पैसे तिकडे हलवा. थोडीशी रक्कम असतानाच कागदावरून एकदा पुन्हा उघडून बघा.

वैजयंती_स

माझा शेवटचा. बँकेत नॉमिनेशन असतं. भाचा उद्या नसेल तर त्याच्या आईने काय करायचं? कपाटातला कागद तिला दिला तर आजच सगळं तिच्या हातात, न दिला तर कधीच नाही.

अर्धविराम

कागद दोन तुकडे करून दोघांकडे ठेवला तर? सहा शब्द इकडे, सहा तिकडे.

निरभ्र

सहा शब्द कळले की उरलेले सहा शोधायचं काम भयंकर सोपं होतं, १२८ बिटांचे ६२ उरतात. तसं करू नका. तीन चाव्या आणि त्यांतल्या कुठल्याही दोघांची सही, अशी सोय बिटकॉइनमध्येच आहे. एक त्याच्याकडे, एक आईकडे, एक तिसऱ्या विश्वासाच्या माणसाकडे. पण त्यात कागद तीन होतात, शिवाय तिन्ही पब्लिक की आणि वाटांची नोंद वेगळी जपावी लागते, नाहीतर दोन चाव्या हातात असूनही वॉलेट उभं राहत नाही. त्याच्या आईला हे एकटीने निभावता येईल का, ते तुम्हीच जास्त जाणता.

आबा_सातारकर

तिसरा विश्वासाचा माणूस आणायचा कुठून?